रूट लोकस: असिम्प्टोट ३.४६ म्हणतो, राउथ २.८३ म्हणतं, मग खरं काय?

प्रश्न: ओपन लूप `K/(s(s+2)(s+4))` आहे. सेंट्रॉइड −२ येतो, असिम्प्टोट ६० अंशांचे. ते ओढले की काल्पनिक अक्ष ३.४६ वर कापतात, पण राउथच्या तक्त्यातून २.८३ येतं. शिवाय ब्रेकअवेच्या समीकरणाला −०.८४५ आणि −३.१५५ अशी दोन उत्तरं आहेत. नियम सगळे पाठ आहेत, तरी हाताने काढलेलं चित्र दर वेळी वेगळंच येतं. नक्की कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमचं गणित कुठेच चुकलेलं नाही. चारही आकडे बरोबर आहेत. चूक एवढीच की असिम्प्टोटलाच तुम्ही पोलची वाट समजलात. पोल त्या रेषेच्या जवळ जातो तो K खूप मोठा झाल्यावर, आणि काल्पनिक अक्ष तो त्याच्या बराच आधी ओलांडतो. मीही सुरुवातीला हेच करायचो: आधी असिम्प्टोट ठळक ओढायचा आणि मग वक्र त्यावर नेऊन चिकटवायचा. ही सवय सुटली ती कोनांची बेरीज करायला लागल्यावर, म्हणून तिथूनच सुरू करतो.

क्लोज्ड लूपचे पोल म्हणजे `1 + K·G(s) = 0` ची उत्तरं, म्हणजेच `K·G(s) = -1`. K हा धन आकडा आहे. तो G ला लहान-मोठा करू शकतो, पण त्याची दिशा बदलू शकत नाही. त्यामुळे एखादा बिंदू लोकसवर आहे की नाही, हे फक्त कोन ठरवतो. प्रत्येक ओपन लूप पोलपासून त्या बिंदूकडे बाण काढायचा, तो धन वास्तव दिशेशी किती कोन करतो ते मोजायचं आणि बेरीज करायची. इथे झिरो नाहीत, म्हणून ती बेरीज १८० अंश (किंवा त्याची विषम पट) आली पाहिजे. नंतर त्या बाणांच्या लांबींचा गुणाकार केला की त्या बिंदूवरचा K मिळतो. पाठ केलेले सगळे नियम याच एका अटीतून निघतात. वॉल्टर इव्हान्स यांनी १९४८ मध्ये ही पद्धत मांडली, आणि पुढे स्पायर्यूल नावाचं एक फिरतं साधन केलं. त्या साधनाचं मुख्य काम हेच होतं: कोनांची बेरीज आणि लांबींचा गुणाकार.

आता तुमचे दोन्ही बिंदू तपासू. काल्पनिक अक्षावर ३.४६ उंचीवर उभे राहा. ० वरच्या पोलपासून कोन ९०, −२ पासून ६०, −४ पासून ४०.९. बेरीज १९०.९. म्हणजे हा बिंदू लोकसवर नाही. आता २.८३ वर या. कोन ९०, ५४.७ आणि ३५.३. बेरीज बरोबर १८०. बाणांच्या लांबी २.८३, ३.४६ आणि ४.९० यांचा गुणाकार ४८ येतो, आणि राउथही K = ४८ हीच मर्यादा देतं. (इथे दिसणारं ३.४६ हे −२ पासूनचं अंतर आहे, तुमच्या असिम्प्टोटच्या उंचीशी त्याचा योगायोगानेच मेळ बसलाय, गोंधळू नका.)

ब्रेकअवेचंही असंच. `3s² + 12s + 8 = 0` हे समीकरण K कुठे वाढायचा थांबतो एवढंच विचारतं. K धन आहे की ऋण, याची त्याला पर्वा नाही. −३.१५५ तुमच्या K च्या सूत्रात घाला, K सुमारे −३.०८ येतो. हा बिंदू −२ आणि −४ च्या मध्ये आहे. तिथे उजव्या बाजूला दोन पोल असल्यामुळे कोनांची बेरीज ३६० होते, म्हणून धन K साठी अक्षाचा तो तुकडा लोकसमध्ये येतच नाही. −०.८४५ च्या उजवीकडे एकच पोल आहे, तिथला K आहे +३.०८, आणि तोच खरा ब्रेकअवे. एरवीही आधी वास्तव अक्षाचे तुकडे रंगवून घ्यावेत आणि मगच हे समीकरण सोडवावं. म्हणजे कोणतं उत्तर टाकायचं हे नजरेलाच कळतं.

आता वक्र का वळतो, हे सांगतो. चित्र दर वेळी वेगळं येण्याचा इलाज माझ्या मते इथे आहे. वैशिष्ट्य समीकरण उघडून लिहा:

```
s³ + 6s² + 8s + K = 0
```

K फक्त शेवटच्या पदात आहे, s² च्या सहगुणकाला तो हात लावत नाही. त्यामुळे तिन्ही पोलची बेरीज K कितीही वाढवला तरी −६ च राहते. (पोलची संख्या झिरोंपेक्षा किमान दोनने जास्त असेल तेव्हाच हे खरं असतं, एवढं ध्यानात ठेवा.) याचा अर्थ असा की एक पोल डावीकडे सरकला तर बाकीच्यांना मिळून तेवढंच उजवीकडे सरकावं लागतं.

K शून्यापासून वाढवत जाऊ. −४ चा पोल एकटाच डावीकडे निघतो. ० चा आणि −२ चा एकमेकांच्या दिशेने येतात. तिसरा पोल नसता तर ते बरोबर मध्यावर, −१ वर भेटले असते आणि मग सरळ उभ्या रेषेत वर-खाली गेले असते. पण ते भेटतात तोवर तिसरा −४.३१ पर्यंत पोचलेला असतो. त्याच्या त्या ०.३१ ची भरपाई या दोघांनी निम्मी निम्मी केली, म्हणून भेट −१ ऐवजी −०.८४५ वर झाली. तिथून ते ९० अंशांत अक्ष सोडतात, आणि तिसरा जसजसा डावीकडे पळतो तसतसे उजवीकडे झुकत जातात. काल्पनिक अक्षावर पोचताना दोघांचा वास्तव भाग शून्य असतो, म्हणजे तिसरा बरोबर −६ वर असायला हवा. पडताळून पाहा, ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅबमध्ये एक ओळ पुरे:

```
roots([1 6 8 48])
```

उत्तर −६ आणि काल्पनिक अक्षावर ±२.८२८.

ही बेरीज हाताशी असली की डॅम्पिंगचं गणितही चुटकीसरशी होतं. समजा ०.५ डॅम्पिंग रेशो हवा आहे. म्हणजे मूळबिंदूपासून ऋण वास्तव अक्षाशी ६० अंश करणारी रेषा लोकसला कुठे कापते, ते शोधायचं. जोडीचा वास्तव भाग −a धरा. मग जोडीचा घटक होतो `s² + 2as + 4a²`, आणि बेरीज −६ असल्यामुळे तिसरा पोल −(६ − २a) वर. गुणाकारातला s चा सहगुणक `12a` येतो, तो ८ असायला हवा, म्हणून a = ०.६६७. जोडी −०.६६७ वर, उंची १.१५५. तिसरा पोल −४.६६७ वर. K = ८.३. कोन तपासा: १२०, ४०.९, १९.१. बेरीज १८०. तिसरा पोल जोडीपेक्षा सात पट लांब आहे, म्हणून दुसऱ्या ऑर्डरचे अंदाज इथे चालतात: सुमारे १६ टक्के ओव्हरशूट आणि ४/०.६६७, म्हणजे साधारण ६ सेकंदांचा सेटलिंग टाइम.

इथे क्षणभर थांबून पाहण्यासारखं आहे. गेन वाढवला की सिस्टिम जलद होते असं आपण सहज म्हणून जातो. ब्रेकअवेनंतर या सिस्टिममध्ये आउटपुट लवकर वर येतं हे खरं, पण जोडी उजवीकडे सरकत असल्यामुळे आंदोलनं विझायला जास्त वेळ लागतो. दोन्ही गोष्टी चित्रात दिसतात. उंची वाढते, पण काल्पनिक अक्षापासूनचं अंतर कमी होतं.

हाताने काढताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिलं म्हणजे दोन्ही अक्षांचं प्रमाण वेगळं ठेवणं. आडव्या अक्षावर एक सेंटिमीटरला १ आणि उभ्यावर एक सेंटिमीटरला २ घेतलं की ६० अंशांची रेषा कागदावर ४१ अंशांची दिसते, आणि कोनमापक लावून केलेलं सगळं बाद होतं. सॉफ्टवेअरच्या खिडकीतही हेच होतं, तिथे `axis equal` द्या. दुसरं म्हणजे K चा अर्थ. कुणी ओपन लूप `Kv/(s(0.5s+1)(0.25s+1))` असं लिहून देतं. पोल तेच, लोकस तोच, पण आकडे आठपट लहान: स्थिरतेची मर्यादा ४८ नाही तर ६, आणि ०.५ डॅम्पिंगसाठी ८.३ नाही तर १.०४. माझ्याकडून एकदा हीच गल्लत झाली होती. कागदावरचा K तसाच कंट्रोलरमध्ये टाकला आणि मोटरचा शाफ्ट थरथरायला लागला. लोकस काढण्याआधी छेदातल्या प्रत्येक s चा सहगुणक १ करून घ्या, आणि बाहेर आलेला गुणक लिहून ठेवा.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे येणारच: जोडी उजवीकडे झुकू नये म्हणून काय करायचं? −३ वर एक झिरो घाला. पोल आणि झिरो यांच्या संख्येत अजूनही दोनचा फरक आहे, म्हणून बेरीज −६ कायम. पण आता −४ चा पोल डावीकडे पळत नाही, उलट उजवीकडे येतो आणि −३ च्या झिरोकडे जाऊन थांबतो. म्हणजे भरपाई उलट्या दिशेने होते आणि जोडी −१.५ वरच्या उभ्या असिम्प्टोटकडे जाते. काल्पनिक अक्ष ती कधीच ओलांडत नाही. राउथ लावलं तर अट येते `6(8+K) > 3K`, आणि ती प्रत्येक धन K ला खरी आहे.

मात्र नुसता झिरो प्रत्यक्षात बनत नाही. नॉइज आवरायला फिल्टर लागतो, म्हणजे समजा −३० वर आणखी एक पोल येतो. फरक पुन्हा तीनचा होतो, असिम्प्टोट पुन्हा ६० अंशांचे होतात, फक्त सेंट्रॉइड आता −११ वर असतो. तो लांबचा पोल डावीकडे निघाला की खूप मोठ्या K ला जोडी पुन्हा उजवीकडे येते. हा लोकस एकदा हाताने काढून पाहा, आणि असिम्प्टोट अगदी शेवटी, फिक्या पेन्सिलीने ओढा.