पेग थांबवायची वेळ

प्रिय बाळा,

तारकर्लीच्या हॉटेलात या हंगामात तू ऑर्डरी घ्यायला लागलास. दारू प्यायलेल्या गिऱ्हाइकाशी कसं वागायचं, असं तू विचारलं होतंस. सगळ्यात अवघड प्रसंग पुढचा पेग नाकारायचा असतो, म्हणून फक्त त्याविषयीच लिहितो.

समज, समुद्राच्या बाजूच्या टेबलावर चौघे आठ वाजता बसले. दहा वाजेपर्यंत त्यांतल्या एकाचे चार लार्ज झाले, म्हणजे 240 मिली. शरीर साधारण तासाला एक स्मॉल, 30 मिली, एवढीच दारू जिरवतं. माणसागणिक थोडं कमीजास्त. म्हणजे त्याच्या आठ स्मॉलमधले दोन जिरले आणि सहा अजून अंगात आहेत. शेवटचा पेग तर पुरता रक्तात उतरलेलाही नाही. आत्ता बरा दिसणारा माणूस अर्ध्या तासाने जास्त चढलेला असेल. म्हणून तोल जाईपर्यंत थांबलास तर उशीर होतो. ऑर्डरच्या चिठ्ठीवर, म्हणजे केओटीवर, प्रत्येक पेगची वेळ लिही. आवाज चढणं, तेच तेच बोलणं, शेजारच्या टेबलाशी उगाच बोलायला जाणं, तुझं मनगट धरून ठेवणं, यातल्या दोन गोष्टी दिसल्या की कॅप्टनला सांग.

आधी वेग कमी कर. न मागता पाण्याची बाटली ठेव, तळलेले बोंबील किंवा भात आण. खाण्याने पुढची दारू हळू चढते, आधीची उतरत नाही. लिंबूपाणी, सोलकढी, कडक कॉफी यांनीही उतरत नाही. कॉफीने फक्त झोप उडते आणि माणसाला आपण शुद्धीत आहोत असं वाटतं. त्याच फेरीत रिकाम्या बाटल्या आणि जाड तळाचे ग्लास उचलून ने, कारण भांडण पेटलं की हातात तेच येतं.

तरीही त्याने पाचवा मागितला, तर मित्रांसमोर नाही म्हणू नकोस. चारचौघांत मान गेली की माणूस मागे हटत नाही. त्याच्या मित्रांतला सगळ्यात कमी प्यायलेला हेरून त्याला काउंटरपाशी बोलाव आणि सांग, "दादा, यांना आता आम्ही दारू देणार नाही. जेवण लावतो, तुम्ही जरा सांभाळून घ्या." बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं, तर त्याच्याशी एकानेच बोलायचं. दुसऱ्याने चार पावलांवर उभं राहून लक्ष ठेवायचं. तू समोर छातीला छाती न लावता थोडा तिरका उभा राहा, दीड हात अंतर ठेव, तळवे दिसू दे. त्याच्या आणि बाहेरच्या वाटेच्या मध्ये येऊ नकोस. तो ओरडला तरी तुझा आवाज खालीच राहू दे. "तुम्हाला चढलीय" असं म्हटलंस की वाद चढलीय की नाही यावर जातो. त्याऐवजी म्हण, "साहेब, आज आता दारू नाही मिळणार. सुरमई थाळी लावू, की पार्सल देऊ?" तो काहीही म्हणाला तरी तेच वाक्य पुन्हा. कारणं वाढवलीस की प्रत्येक कारणावर तो भांडेल. बिलाची तक्रार काढली तर ती कॅप्टनकडे दे, पेगच्या वादात मिसळू नकोस. त्याला ढकलू नकोस, खांद्यावर हात टाकू नकोस. चढलेल्या माणसाला स्पर्श हल्ला वाटतो. त्याने हात उचलला किंवा काही फेकलं, तर समजावणं संपलं. शेजारच्या गिऱ्हाइकांना बाजूला घे, मागे सर, 112 ला फोन कर.

मग गाडीचं बघायचं. वर सांगितलेला हिशेब धर, तर हा माणूस पहाटे चारपर्यंतही पुरता मोकळा झालेला नसेल. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली तर गाडी चालवणं गुन्हा आहे. चावी हिसकू नकोस. न प्यायलेल्या मित्राकडून मागून घे, रिक्षा बोलाव किंवा जवळपास खोली मिळवून दे. आणि आपल्याकडचा खास धोका लक्षात ठेव: "वाळूत जरा फिरून येतो" म्हणत उठलेला माणूस काळोखात थेट पाण्यात उतरतो. त्याला एकटा सोडू नकोस, मित्राला सोबत पाठव.

कोणी खुर्चीतच आडवा झाला तर झोपू दे म्हणून निघून जाऊ नकोस. हाक मार, खांदा हलव. उठत नसेल, श्वासांमध्ये दहा सेकंदांचं अंतर पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर 108 ला फोन कर. तोवर त्याला कुशीवर वळव, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत शेजारीच बस. पडून डोक्याला मार लागलेला किंवा साखर उतरलेला माणूसही असाच दिसतो, म्हणून नुसत्या वासावरून प्यायलाय असं ठरवू नकोस.

टेबल उठल्यावर, त्याच रात्री, वहीत लिही: किती वाजता किती पेग दिले, कधी थांबवलं, कोण कुणाबरोबर कशाने गेलं.

तुझा,
काका