फ्रेमरेट पडला की मागे पांढुरकी कडा येते: ओव्हरड्राइव्ह किती ठेवायचा?

प्रश्न: मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, आयपीएस पॅनेल. ओव्हरड्राइव्ह सगळ्यात वर, Fastest वर ठेवलाय. एरवी ठीक दिसतं, पण फ्रेमरेट ६०-७० वर आला की पळणाऱ्या माणसामागे पांढुरकी कडा ओढल्यासारखी दिसते. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू आहे. मॉनिटर खराब आहे का?

उत्तर: मॉनिटर ठीक आहे, लेव्हल चुकली आहे. आधी Normal वर या आणि मगच Fast झेपतं का ते पाहा.

तुम्हाला दिसतंय ते साधं घोस्टिंग नाही, उलटं घोस्टिंग आहे. गडद वस्तू करड्या पार्श्वभूमीवरून सरकली की तिच्या मागचे पिक्सेल पुन्हा करडे व्हायला निघतात. ते रेंगाळले तर मागची शेपटी पार्श्वभूमीपेक्षा गडद दिसते. ते करड्याच्याही पुढे गेले तर शेपटी पार्श्वभूमीपेक्षा उजळ दिसते. पहिलं दिसलं तर ओव्हरड्राइव्ह कमी पडतोय, दुसरं दिसलं तर जास्त झालाय.

आता हे फक्त ६०-७० वरच का होतं? ओव्हरड्राइव्ह म्हणजे पिक्सेलला एका फ्रेमपुरता दिलेला जादा व्होल्टेजचा धक्का. १४४ हर्ट्झला एक फ्रेम साधारण ७ मिलिसेकंद टिकते, आणि तेवढ्या वेळात पिक्सेल जेमतेम मुक्कामाला पोचेल अशा हिशोबाने वरची लेव्हल बसवलेली असते. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये ६५ फ्रेमला तीच फ्रेम १५ मिलिसेकंदांवर जाते. धक्का तेवढाच जोराचा, पण टिकतो दुपटीहून जास्त वेळ. मग पिक्सेल मुक्काम ओलांडून पुढे जातो आणि पुढच्या फ्रेमला मागे येतो. काही मॉनिटर रिफ्रेश रेटप्रमाणे धक्का आपोआप कमी-जास्त करतात, पण बऱ्याच मॉनिटरमध्ये ही सोय नसते. तुमचाही त्यातलाच दिसतोय.

गंमत म्हणजे फ्रेमरेट आणखी खाली गेला की हा त्रास कमी होऊ शकतो. सिंकची खालची मर्यादा ४८ असेल आणि गेम ४० वर आला, तर एकच फ्रेम दोनदा दाखवली जाते आणि पॅनेल प्रत्यक्षात ८० हर्ट्झवर चालतं. म्हणून सगळ्यात वाईट पट्टा असतो तो ४८ च्या जरा वरचा.

तेव्हा लेव्हल ठरवायची ती १४४ वर नाही, तुमच्या गेममध्ये खरोखर येणाऱ्या सर्वात कमी फ्रेमरेटवर. आधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, कारण थंड पॅनेल सुस्त असतं आणि त्यावर निवडलेली लेव्हल नंतर जास्त ठरते. ब्लर कमी करणारा बॅकलाइटचा मोड बंद करा. मग गेममध्येच फ्रेमरेट ६० वर बांधा, ढगाळ आकाशापुढे एखादा गडद खांब धरा आणि कॅमेरा एकाच वेगाने फिरवत खांबाच्या मागच्या कडेवर नजर ठेवा. पार्श्वभूमी करडीच हवी. पांढऱ्याफेक भिंतीपुढे काही दिसणार नाही, कारण पांढऱ्याच्या पुढे जायला पिक्सेलला जागाच नसते. लेव्हल बदलत हेच ९० आणि १४४ वर करा.

testufo.com/ghosting चांगलं आहे, पण ब्राउझरमध्ये सहसा अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक लागत नाही. विंडोजमध्ये ६० हर्ट्झ निवडून केलेली चाचणीही फसवू शकते, कारण त्या ठरावीक रेटसाठी मॉनिटरने वेगळी आकडेमोड वापरलेली असू शकते. आणि फोन स्थिर धरून काढलेला फोटो पुरावा म्हणून टाकू नका. डोळा वस्तूबरोबर फिरतो, तसा कॅमेराही फिरवावा लागतो.

माझ्याकडच्या मॉनिटरवर हे केलं तेव्हा Fastest ला १४४ वरही खांबामागे बारीक उजळ रेघ होती आणि ६० वर ती चांगली बोटभर झाली. Fast १४४ वर स्वच्छ, ९० वर चालण्यासारखं, ६० वर पुन्हा रेघ. Normal ला १४४ वर किंचित गडद शेपटी, पण ६० वर काहीच नाही. माझे गेम ५५ ते ११० मध्ये फिरतात, म्हणून Normal. मला विचाराल तर गडद शेपटी डोळ्याला कमी खुपते. उजळ कडा लगेच लक्ष वेधते.

तुमचा एखादा गेम सतत १२० च्या वर राहत असेल, तर त्याच्यासाठी Fast चं वेगळं प्रोफाइल मॉनिटरमध्ये साठवा. खोक्यावरचा १ मिलिसेकंदाचा आकडा बहुधा वरच्याच लेव्हलवर मोजलेला असतो, त्याच्या मागे लागू नका.

Normal वरही थोडा धूसरपणा उरेल. शेपटीला वेगळा रंग नसेल आणि वस्तूच पुसट दिसत असेल, तर तो पिक्सेलचा दोष नाही. एक फ्रेम पडद्यावर स्थिर उभी असताना आपली नजर पुढे सरकते, त्याचा तो धूसरपणा आहे. तो ओव्हरड्राइव्हने जात नाही, फ्रेमरेट वाढवला तर कमी होतो.