बाराही खरे, दहाही खरे

"मॅडम, थांबे वगळून बसचा वेग ताशी 54 किमी आणि थांबे धरून 45 किमी. बस तासाला किती मिनिटं थांबते? मला दर वेळी 12 मिळतात, उत्तरसूचीत 10 असतात. सूत्र पाठ आहे, पण भागायचं कुठल्या वेगाने हे ऐन पेपरात आठवत नाही."

हे विचारणाऱ्या विद्यार्थिनीची वही पाहिली. फरक 9 बरोबर काढलेला, त्याला 45 ने भागून 60 ने गुणलेलं. आकडेमोडीत काहीच चूक नव्हती. अशा वेळी मी सूत्र पुन्हा पाठ करायला सांगत नाही, कारण दोन वेगांपैकी कुठला खाली घ्यायचा याची अदलाबदल पाठांतरातूनच होते.

मी तिला घड्याळातला एक तास घ्यायला सांगितलं. "या तासात बस किती पुढे गेली?"

"45 किमी."

"धावताना तिचा वेग किती?"

"54."

"मग 45 किमी धावायला तिला किती वेळ लागला?"

तिने 45 ला 54 ने भागलं. पाच षष्ठांश तास, म्हणजे 50 मिनिटं. तासातली उरलेली 10 मिनिटं बस उभी होती. भागायला 54 का घ्यायचे, ते इथेच दिसतं: बस रस्ता कापते ती 54 च्याच वेगाने. 45 च्या वेगाने ती प्रत्यक्षात धावतच नाही, तो थांबे मिसळून आलेला सरासरी आकडा आहे. तिच्या पाठ सूत्रातला 9 भागिले 54 याच हिशोबाचा आखूड रस्ता.

"मग माझे 12 कुठून आले?" तिने विचारलं, आणि मला हाच प्रश्न हवा होता. ते 12 खोटे नाहीत. बस पूर्ण 60 मिनिटं धावली तर 54 किमी जाते. थांबे धरून तेवढ्याच अंतराला 54 भागिले 45 तास, म्हणजे 72 मिनिटं लागतात. म्हणजे धावण्याच्या दर तासामागे 12 मिनिटं थांबा. प्रश्न मात्र घड्याळातल्या तासाबद्दल असतो, आणि 72 मिनिटांत 12 म्हणजे 60 मिनिटांत 10. पर्यायांत 10 आणि 12 दोन्ही दिसले तर ते मुद्दाम ठेवलेत असं खुशाल समजावं.

दोन्ही आकडे कसे जुळतात ते पाहायला तिला 216 किमीचा प्रवास दिला. थांब्यांशिवाय 4 तास, थांब्यांसह 4.8 तास. फरक 0.8 तास, म्हणजे 48 मिनिटं. तिने 12 ला 4 ने गुणलं, 48. मग 10 ला 4.8 ने गुणलं, तेही 48.

तिची आणखी एक शंका होती: बस दर तासाला नेमकी 10 मिनिटं थांबतेच का? नाही. एखाद्या तासात ती मुळीच थांबणार नाही, दुसऱ्यात 20 मिनिटं उभी राहील. ही सरासरी आहे, आणि ब्रेक लावताना किंवा पुन्हा वेग घेताना जाणारा वेळ या गणितात वेगळा मोजलेला नसतो.