कोलॅजेनचे प्रकार आणि ते बनवणाऱ्या पेशी

प्रश्न: कोलॅजेनचा कुठला प्रकार कुठे, आणि मास्ट सेल, फायब्रोब्लास्ट नेमकं काय करतात? लक्षातच राहत नाही.

उत्तर: एक जखम डोळ्यासमोर आणा. त्वचा कापली की रक्तवाहिन्यांलगतच्या मास्ट सेल हिस्टामिन सोडतात, म्हणून जागा लाल होऊन सुजते. मॅक्रोफेज जंतू आणि मेलेल्या पेशी गिळतात. मग फायब्रोब्लास्ट आधी टाइप ३ चे बारीक, नाजूक तंतू घालतात. पुढच्या काही महिन्यांत त्यांची जागा जाड टाइप १ घेतं. हाडात आणि कंडरेतही मुख्यतः तेच असतं. तरी व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपुढे जात नाही.

टाइप ३ कायम दिसतं ते प्लीहा आणि लसिका ग्रंथींच्या जाळीत. टाइप २ कूर्चेत, तिथल्या कॉन्ड्रोसाइट ते बनवतात. टाइप ४ चे तंतू होतच नाहीत. एपिथेलियमखाली त्याचा पातळ थर असतो, मूत्रपिंडाच्या गाळणीतसुद्धा.