वयातलं अंतर कधी बोलावं?

प्रश्न: मी ४१ चा, ती २९ ची. प्रोफाइल जुळलं, चॅट छान चाललंय. १२ वर्षांच्या अंतराचा विषय कधी आणि कसा काढू?

उत्तर: पहिल्या भेटीआधी, चॅटमध्येच. प्रोफाइलवर वय खरंच लिहा. दोन-तीन वर्षं कमी केलीत, तर पुढे तिला अंतरापेक्षा खोटेपणा जास्त खुपेल.

सरळ लिहा: "आपल्यात १२ वर्षांचं अंतर आहे. मला ते चालतं, पण तुला काय वाटतं हे भेटण्याआधी ऐकायला आवडेल." माफी मागू नका, "मी दिसतो तरुण" असंही नको. त्याने तिला नाही म्हणणं अवघड होतं.

ती "वय म्हणजे नुसता आकडा" म्हणाली, तर तेवढ्यावर थांबू नका. खरा प्रश्न वेळापत्रकाचा असतो. तिला मूल पाच वर्षांनी हवं असेल, तर तेव्हा तुम्ही ४६ चे असाल आणि मूल विशीत येईल तेव्हा ६६ चे. हा हिशेब दोन-तीन भेटींनंतर एकत्र मांडा. तिचं करिअर नुकतं उभं राहत असेल, तर शहर बदलायची तुमची तयारी आहे का, हेही सांगा.

घरच्यांना कधी सांगायचं, ते तिला ठरवू द्या.