बाजार भांडवल आणि एंटरप्राइज व्हॅल्यू : कंपनीची नेमकी किंमत कोणती?

विचारणा : हिंडाल्कोने नोव्हेलिस कंपनी सहा अब्ज डॉलरला घेतली असे सगळीकडे छापलेले दिसते, पण भागधारकांना मिळालेली रक्कम त्याहून बरीच कमी होती म्हणतात. मग ‘किंमत’ कशाला म्हणायचे? बाजार भांडवल आणि एंटरप्राइज व्हॅल्यू यांत कर्ज आणि रोख यांचा काय संबंध? आणि कर्ज मिळवून रोख वजा करायची, हे उलटे नाही का?

उत्तर : बाजार भांडवल म्हणजे एकूण शेअर गुणिले बाजारातील भाव. ही सगळ्या भागधारकांच्या हिश्श्याची किंमत झाली, व्यवसायाची नव्हे. व्यवसायाच्या कमाईवर पहिला हक्क कर्ज देणाऱ्यांचा असतो आणि त्यांचे व्याज व मुद्दल भागल्यावर जे उरते, त्यावर भागधारकांचा. म्हणून संपूर्ण व्यवसायाची किंमत, म्हणजेच एंटरप्राइज व्हॅल्यू, काढताना भागधारकांच्या हिश्श्यात कर्जदात्यांचा हिस्सा मिळवावा लागतो. कंपनीच्या खात्यात पडून असलेली रोख मात्र नव्या मालकाच्या ताब्यात आपोआप येते. त्याने मोजलेल्या पैशांपैकी तेवढे त्याला लगेच परत मिळाल्यासारखे असते, म्हणून ती वजा होते. बेरीज-वजाबाकी विकणाऱ्याच्या नव्हे, तर घेणाऱ्याच्या बाजूने मांडली की त्यात उलटे काही राहत नाही.

आता नोव्हेलिसचेच आकडे घेऊ. 11 फेब्रुवारी 2007 रोजी हा व्यवहार जाहीर झाला. भाव ठरला प्रत्येक शेअरला 44.93 डॉलर, सर्व रोखीत. कंपनीचे एकूण मूल्य सुमारे सहा अब्ज डॉलर सांगितले गेले आणि त्यातच सुमारे 2.4 अब्ज डॉलरचे कर्ज धरलेले होते. म्हणजे शेअरच्या वाट्याला ढोबळमानाने 3.6 अब्ज आले. उरलेले 2.4 अब्ज हिंडाल्कोने त्या दिवशी कोणाच्या हाती ठेवले असे नव्हे. ते नोव्हेलिसच्या डोक्यावरचे देणे होते आणि कंपनीबरोबर नव्या मालकाकडे आले. पण ते किमतीतच मोजायला हवे, कारण जोवर ते आहे तोवर त्याचे व्याज नोव्हेलिसच्या मिळकतीतून आधी जाणार आणि मालकाच्या हाती उरलेलेच पडणार.

अशा बातम्यांत दोन चुका हमखास होतात. एक, ‘सहा अब्ज मोजले आणि वर 2.4 अब्जांचे कर्जही अंगावर घेतले’ असे लिहून कर्ज दोनदा धरले जाते. दुसरी, एका व्यवहाराचा आकडा कर्जासह आणि दुसऱ्याचा कर्जाविना घेऊन ‘हा सौदा त्याहून मोठा’ असे ठरवले जाते. म्हणून माझे मत असे की, मराठीत शब्द कोणताही वापरा, पण आकड्याआधी ‘कर्जासह’ किंवा ‘कर्ज वगळून’ एवढे अवश्य लिहावे. ‘एंटरप्राइज व्हॅल्यू’साठी निरनिराळे प्रतिशब्द सुचवले जातात, पण रोजच्या लिहिण्याबोलण्यात एकही पुरता रुळलेला नाही. म्हणून मूळ इंग्रजी शब्द तसाच ठेवून पहिल्या उल्लेखात ‘कर्जासह निव्वळ मूल्य’ असा खुलासा केला, तर वाचकाची गैरसोय होत नाही.

याच व्यवहारात आणखी एक बारकावा दिसतो आणि मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. घोषणेआधीचा शेवटचा बंद भाव 38.54 डॉलर होता, म्हणजे हिंडाल्कोने बाजारभावापेक्षा 16.6 टक्के अधिक दिले. पण हा जादा भाव फक्त शेअरच्या भागावर पडतो. कर्ज होते तेवढेच राहते. 3.6 अब्जांतील साधारण अर्धा अब्ज जादा भावापोटी गेला असे धरले, तर व्यवहाराआधी संपूर्ण व्यवसायाचे मूल्य साडेपाच अब्जांच्या आसपास भरते आणि त्यावर अर्धा अब्ज म्हणजे केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास. भागधारकाला भाव साडेसोळा टक्के वाढल्याचा आनंद, तर घेणाऱ्याच्या हिशेबात व्यवसाय सुमारे नऊ टक्केच महाग. कंपनीवर कर्ज जितके जास्त, तितकी ही तफावत मोठी. उलट दिशेनेही हेच घडते : व्यवसायाचे मूल्य थोडे घसरले तरी शेअरचा भाव जोरात आपटतो, कारण कर्जाची रक्कम घसरत नाही.

रोखीच्या बाजूला मात्र डोळे झाकून वजाबाकी करू नये. आपल्याकडील ताळेबंदात ‘रोख व रोख समतुल्य’ ही एक ओळ असते, ‘इतर बँक शिल्लक’ ही वेगळी आणि लिक्विड फंडांतील पैसा बहुधा ‘चालू गुंतवणूक’ या तिसऱ्याच ओळीत असतो. फक्त पहिली ओळ घेतली तर बराच पैसा सुटतो. तिन्ही सरसकट घेतल्या तर ‘इतर बँक शिल्लक’मधील न उचललेला लाभांश किंवा बँक हमीसाठी अडकवलेल्या ठेवीही वजा होतात, ज्यांना नवा मालक हात लावू शकत नाही. शिवाय ग्राहकांनी दिलेली आगाऊ रक्कम रोखीसारखी दिसते, पण तिच्या बदल्यात माल पोचवायचा बाकी असतो. बाजार भांडवल क्षणोक्षणी बदलते, तर नोंदणीकृत कंपन्यांचा ताळेबंद सहा-सहा महिन्यांनी जाहीर होतो. तेव्हा आजचा भाव आणि 31 मार्चची रोख जुळवताना मधल्या काळात लाभांश वाटला गेला का, हे पाहिलेच पाहिजे.

कर्जाच्या बाबतीतही ‘कर्ज’ असे शीर्षक नसलेली देणी असतात. टाटा मोटर्सने 2008 मध्ये फोर्डकडून जॅग्वार-लँड रोव्हर घेतली तेव्हा व्यवहार ‘रोखविरहित, कर्जविरहित’ तत्त्वावर, सुमारे 2.3 अब्ज डॉलरला झाला. या तत्त्वात विकणारा जुनी रोख आणि जुने कर्ज यांचा निकाल लावून देतो, त्यामुळे मोजलेली किंमत आणि एंटरप्राइज व्हॅल्यू जवळजवळ एकच होतात. तरीही फोर्डने कामगारांच्या पेन्शन निधीत सुमारे 60 कोटी डॉलर घालायचे कबूल केले. पेन्शनचा खड्डा हे बँकेचे कर्ज नसले तरी तो कुणाला तरी भरावाच लागतो. तो विकणाऱ्याने भरल्यामुळे फोर्डच्या पदरात निव्वळ सुमारे 1.7 अब्जच पडले.

‘महाग की स्वस्त’ हे गुणोत्तर पाहायचे असेल, तर जोड्या मोडू नयेत. व्याज, कर आणि घसारा वजा होण्यापूर्वीचा नफा कर्जदाते आणि भागधारक दोघांचाही असतो, म्हणून तो एंटरप्राइज व्हॅल्यूशी ताडावा. निव्वळ नफा फक्त भागधारकांचा, म्हणून तो बाजार भांडवलाशी. व्याजापूर्वीचा नफा बाजार भांडवलाशी ताडला की कर्जबाजारी कंपनी फसवेपणाने स्वस्त दिसते. आणि बँकांना तर हे मोजमाप लावूच नये, कारण ठेवीदारांचा पैसा हाच त्यांचा कच्चा माल आहे. त्याला कर्ज म्हणून बाजूला काढायला गेले तर व्यवसायच हिशेबातून निघून जातो.