फ्रान्समध्ये गाडी चालवताना कोणत्या पाट्या आधी ओळखाव्यात?

प्रश्न: आम्ही फ्रान्समध्ये भाड्याने गाडी घेऊन खेड्यापाड्यांतून फिरणार आहोत. फ्रेंच येत नाही. तिथल्या कोणत्या पाट्या नीट समजून घ्याव्यात?

उत्तर: वेगमर्यादेचे आकडे कुणालाही वाचता येतात. खरी गफलत होते ती आधी कुणी जायचे हे सांगणाऱ्या पाट्यांत, म्हणून मी त्यांवरच भर देतो.

फ्रान्समध्ये चौकात वेगळी सूचना नसेल, तर उजव्या हाताकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते, मग ते अरुंद गल्लीतून येत असले आणि आपण रुंद रस्त्यावर असलो तरी. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला दिसला, की या रस्त्यावर अग्रक्रम आपला. तोच चौकोन काळ्या तिरक्या रेघेने कापलेला दिसला, की तो अग्रक्रम संपला. लाल कडेच्या त्रिकोणात काळी फुली असेल, तर पुढच्या चौकात उजवीकडच्याला वाट द्यायची आहे.

बर्गंडीतील एका छोट्या गावात शिरताना मला हे प्रत्यक्ष कळले. वेशीवर लाल कडेची पांढरी पाटी होती आणि तिच्यावर फक्त गावाचे नाव होते. कोठेही आकडा नव्हता, तरी ती पाटी ओलांडताच मर्यादा ताशी 50 किलोमीटर होते, कारण गावाचे नाव हाच तो आदेश असतो. तिच्या खाली कापलेला पिवळा चौकोनही होता, पण माझे लक्ष नावाकडेच राहिले. पुढे भिंतीआडच्या गल्लीतून एक व्हॅन न थांबता बाहेर आली आणि मला करकचून ब्रेक दाबावा लागला. चूक माझीच होती. काळ्या पाटीवर पांढऱ्या तिरप्या अक्षरांत नाव असेल, तर ती केवळ वस्तीची ओळख असते आणि तिने वेगमर्यादा बदलत नाही.

वाटोळ्या चौकात शिरताना उलटा त्रिकोण आणि खाली 'व्हू नाव्हे पा ला प्रिऑरिते', म्हणजे 'अग्रक्रम तुमचा नाही', अशी ओळ बहुधा असते. आपण रस्त्याच्या उजव्या बाजूने जात असतो, त्यामुळे आत फिरणारी वाहने डावीकडून येतात. आधी तिकडे पाहावे.

गावातून बाहेर पडताना 'तूत दिरेक्सियाँ' अशी पाटी दिसते. आपल्याला हवे असलेले गाव कुठेच लिहिलेले नसेल, तर तिच्या बाणाने जावे, कारण ती सर्व गावांकडे जाणारा मार्ग दाखवते. 'ओत्र दिरेक्सियाँ' म्हणजे शेजारच्या पाट्यांवर नावे नसलेली बाकीची गावे. वेगाच्या आकड्याखाली 'रापेल' हा शब्द असेल, तर आधी सांगितलेली मर्यादा अजून लागू आहे, याची ती आठवण असते.

गावाच्या नावावर लाल तिरकी रेघ दिसली, की 50 ची मर्यादा संपते. दुभाजक नसलेल्या दुहेरी रस्त्यावर 2018 पासून सर्वसाधारण मर्यादा 80 आहे. काही जिल्ह्यांनी निवडक रस्त्यांवर ती पुन्हा 90 केली आहे, तिथे तसा आकडा लावलेला असतो. त्यानंतर अग्रक्रम आपलाच असेल तर पिवळा चौकोन पुन्हा दिसतो. तो दिसेपर्यंत प्रत्येक फाट्यावर उजवीकडे पाहत राहावे.